येणारा, येणारी आणि येणार

जूनमध्ये सरांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, 'एकदा नजर मारा, उद्या पेपरला द्यायचंय.' मजकूर असा होता :

'त्वरित पाहिजे. अनुभवी सपोर्ट इंजिनिअर. कॉम्प्युटरचे चांगले ज्ञान असलेला, मेहनती, प्रामाणिक, दोन्ही जिल्ह्यांत फिरण्याची तयारी असलेला, स्वतःची बाईक असणारा तरुण हवा. स्थानिक मुलास प्राधान्य. तो सकाळी लवकर येणारा असावा.'

आमची कंपनी छोटी आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, फॅट मशीनमध्ये नमुना जातो, दोन्हीकडचे आकडे वायरीतून आमच्या प्रोग्रॅममध्ये येतात, दर लागतो, पावती निघते. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं, पण पहाटे सहाला काट्याचा आकडा यायचा बंद झाला की बाहेर पंचवीस किटल्यांची रांग असते आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते. म्हणून प्रत्यक्ष जाऊन बसवणारं, दुरुस्त करणारं, शिकवणारं कोणीतरी लागतं. मी कोड लिहिते. मी साताऱ्याची, इंजिनिअरिंग सांगलीत केलं आणि नोकरीही इथेच धरली. आम्हाला सांगलीसाठी एक आणि साताऱ्यासाठी एक अशी दोन माणसं हवी होती.

मी मजकूर पुन्हा वाचला आणि सवयीने मोजायला लागले. असलेला, पुन्हा असलेला, असणारा, तरुण, हवा, मुलास, तो, येणारा, असावा. एवढ्याशा जाहिरातीत 9 ठिकाणी 'पुरुष' असं लिहिलं होतं आणि सरांना त्यातलं एकही लिहायचं नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, मुलगी आली तर मी काय नाही म्हणणार आहे का? मराठीत असंच लिहितात." ते खरंच बोलत होते. ऑफिसात आम्ही सहा जण आहोत, त्यात तीन बायका. हीच जाहिरात त्यांनी इंग्रजीत लिहिली असती तर तिच्यात बाई-पुरुष हा मुद्दा आलाच नसता.

सुधा मूर्तींची गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये दहादा वाचली असेल. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत, महिलांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं, त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुढे पुण्यात रुजू झाल्या. मला त्या गोष्टीत एक वेगळंच दिसतं. त्या इंग्रजी जाहिरातीला नकार द्यायला एक वेगळं वाक्य छापावं लागलं. वाक्य होतं म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आलं, पत्र लिहिता आलं. मराठीत ते वाक्य लागतच नाही. ते 'येणारा'च्या शेवटच्या कान्यात बसतं. त्याच्याविरुद्ध कोण कुणाला पोस्टकार्ड लिहिणार? डिग्री झाल्यावर मी स्वतः अशाच एका जाहिरातीवर फोन केला होता. समोरचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, त्यात 'मुलगा' लिहिलंय ना." चूक माझीच, नीट वाचलं नाही, असा त्याचा सूर होता.

तर सरांना म्हटलं, हे मी लिहून देते. पेपरचं बुकिंग एक दिवस पुढे ढकललं.

पहिला उपाय आमच्या टेस्टिंगवाल्याने सुचवला. तिरकी रेघ टाका. 'असलेला/ली, मेहनती, फिरण्याची तयारी असलेला/ली, बाईक असणारा/री तरुण/तरुणी हवा/वी.' हे मोठ्याने वाचून बघा. वाचणारं माणूस तिसऱ्या रेघेला अडखळतं, आणि मोबाईलवर ओळ नेमकी रेघेपाशी तुटली की पुढची ओळ 'री'पासून सुरू होते. शिवाय आधी पुरुषाचं रूप पूर्ण येतं आणि बाईच्या वाट्याला नुसतं शेपूट. जी व्यक्ती स्वतःला या दोन्हींत बसवत नाही, तिला तर तेही नाही. मला रेघ नको होती. जिथे लिंग मुळात दिसतच नाही अशा जागा भाषेत आहेत का, ते मला शोधायचं होतं.

आहेत, आणि त्या आपण शाळेत मार्कांसाठी पाठ केल्या आहेत. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग आठवतात? कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, म्हणून 'उमेदवार अर्ज करतो' म्हटलं की उमेदवार पुरुष झाला. पण कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला की क्रियापद त्याचा हात सोडतं. 'उमेदवाराने अर्ज पाठवावा' यातलं 'पाठवावा' हे अर्जामुळे पुल्लिंगी आहे, उमेदवारामुळे नाही. खात्री करायची तर अर्जाच्या जागी 'माहिती' ठेवा, लगेच 'पाठवावी' होतं आणि उमेदवार जिथल्या तिथे. हा कर्मणी. 'उमेदवाराने स्वतः भेटावे' हा भावे. तिथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही.

दुसरी जागा अनेकवचनाची. 'बाईक येणारा' आणि 'बाईक येणारी' वेगळे, पण 'बाईक येणाऱ्यांनी' म्हटलं की दोघंही त्यात मावतात. त्या आल्या, ते आले हा फरक एरवी अनेकवचनातही राहतो, पण विभक्तीचा प्रत्यय लागला की 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचे' एकच होतं. असलेल्यांनी, राहणाऱ्यांना, शिकलेल्यांना, इच्छुकांनी. जाहिरातीतलं जवळजवळ प्रत्येक विशेषण असं वळवता येतं. एकवचनात मात्र हे चालत नाही, 'येणाऱ्याने' आणि 'येणारीने' पुन्हा वेगळे होतात. त्यामुळे जागा एकच असली तरी लिहिताना अनेकवचन धरायचं.

तिसरी जागा भविष्यकाळाची. हिंदीत 'करेगा' आणि 'करेगी', मराठीत 'तो करेल' आणि 'ती करेल'. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे 'येणारा' आणि 'येणार'. तो येणार, ती येणार, ते येणार. त्या एका कान्याने शब्दाचं विशेषण होतं आणि विशेषण झालं की त्याला लिंग चिकटतं. 'सकाळी लवकर येणारा असावा' या वाक्याचं 'सकाळी लवकर यावे लागेल' झालं की माणूस कोण हा प्रश्नच उरत नाही, वेळ तेवढी उरते.

आणि एक गंमत. छोट्या जाहिरातींचा तो जुना मथळा, 'पाहिजे' किंवा 'पाहिजेत', हाच मुळात तटस्थ आहे. मुलगा पाहिजे, मुलगी पाहिजे, क्रियापद तेच. 'हवा' मात्र हवा-हवी-हवे असा फिरतो. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही. शाळा-कॉलेजांच्या भरतीत 'खालील पदे भरावयाची आहेत' असं जे सरकारी वाटणारं वाक्य येतं, त्याला मी आधी हसायचे. तेही चांगलं आहे. वाक्यात माणूस नाही, पद आहे, आणि पद नपुंसकलिंगी.

इथे एक विषयांतर करते. माझी आई कोल्हापूरकडची. ती आजही म्हणते, "मी येतो गं बाजारातनं." सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात कित्येक बायका आणि मुली असंच बोलतात, मी जातो, मी करतो. पुण्यात हॉस्टेलवर राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना यावरून हसून घ्यावं लागलं आणि त्यांनी 'जाते' शिकून घेतलं. म्हणजे ज्या भागात बाई स्वतःबद्दल बोलताना क्रियापदाला लिंग लावत नाही, त्याच भागातली जाहिरात तिच्याबद्दल बोलताना ते 9 वेळा लावते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तसंच लिहा की, 'मी काम करतो' म्हणणारी पाहिजे म्हणून." कल्पना वाईट नाही, पण साताऱ्याच्या वरच्या बाजूला, वाई-खंडाळ्याकडे ती कळणार नाही.

पदाच्या नावाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. संस्कृत वळणाची, 'क'ने संपणारी नावं फुटतात : सेवक-सेविका, शिक्षक-शिक्षिका, सहायक-सहायिका. 'दार', 'कार', 'गार', 'नीस' अशी नावं फुटत नाहीत : सल्लागार, पत्रकार, मदतनीस. अधिकारी, कर्मचारी, प्रतिनिधी, तंत्रज्ञ, सरपंच, तलाठी हेही शाबूत राहतात. 2024 मध्ये राज्य सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. कारण प्रशासकीय होतं, पण जाता जाता ग्रामसेवक-ग्रामसेविका ही फोडही मिटली. आम्ही 'सपोर्ट इंजिनिअर'च ठेवलं, कारण केंद्रावरचे लोक तसंच म्हणतात. पण एवढ्याने भागत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. नाव कितीही तटस्थ असो, पुढे 'नवीन तलाठी आला' म्हटलं की संपलं. मराठीत खरी जबाबदारी नावापेक्षा शेपटांची आहे.

एवढं झाल्यावर मी 9 च्या 9 जागा बदलून मजकूर सरांना दाखवला. व्याकरण साफ होतं. तरी सर म्हणाले, "ठीक आहे, पण 'तरुण मुलगा' काढला तर कामाचं स्वरूप कळत नाही."

हे ऐकून मी आधी चिडले. मग त्यांच्यासमोर वही घेऊन बसले आणि विचारलं, 'मुलगा' या शब्दातून नेमकं काय काय कळतं ते सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी सहाला केंद्रावर पोहोचावं लागतं. दुचाकीवर गावोगाव जावं लागतं, कारण आडबाजूच्या केंद्रावर त्या वेळी एसटी नसते. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत फोन चालू असतात. काटा उचलून बाजूला करावा लागतो. आणि, हे जरा थांबून, लग्न होऊन वर्षभरात सोडून जाऊ नये.

म्हणजे 'मुलगा' हा एक शब्द पाच अटींची पिशवी होता. लिंग काढलं की पिशवी फाटते आणि अटी बाहेर पडतात. त्या एकेक हातात घेऊन बघता येतात, हा त्याचा खरा फायदा. सकाळी सहा ही खरी अट आहे, ती लिहायची. रोज नाही, महिन्यात साधारण 8 दिवस, तेही लिहायचं. दुचाकी स्वतःची कशाला? परवाना पुरेसा आहे, ऑफिसची एक गाडी उभीच असते. बिलाच्या दिवशी म्हणजे 1, 11 आणि 21 तारखेला रात्री 9 पर्यंत फोनवर राहायचं, पण घरून चालतं. हे सर स्वतःच बोलता बोलता म्हणाले, आधी त्यांनी तसा विचार केला नव्हता. रात्रीचा मुक्काम कधीच लागत नाही, हे तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. काटा उचलायला केंद्रावर माणसं असतात. राहिली लग्नाची अट. मागची दोन वर्षं हे काम करणारा मुलगा पुण्याला चांगला पगार मिळाला म्हणून गेला होता, लग्नाचा काही संबंध नव्हता. ती अट सरांनी स्वतःच वहीत खोडली.

कायद्याची बाजू मी जास्त ताणली नाही, पण सांगितली. 1976 च्या समान वेतन कायद्याच्या कलम 5 मध्येच भरती करताना स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई होती. त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेत ती मनाई एकतर्फी राहिलेली नाही. एकाच कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करायचा नाही, असं तिच्यात आहे. म्हणजे 'रिसेप्शनसाठी मुलगी पाहिजे' हीही तितकीच अडचणीची जाहिरात. माझ्या मावसभावाचं टायपिंग माझ्यापेक्षा जलद आहे आणि त्याला कॉम्प्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी दोनदा 'आम्हाला लेडीज स्टाफ हवाय' हे उत्तर मिळालं आहे. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा वेगळा कायदाही 2019 चाच आहे.

शेवटी तयार झालेला मजकूर असा :

'पाहिजेत : सपोर्ट इंजिनिअर, 2 जागा (सांगली 1, सातारा 1).
काम : दूध संकलन केंद्रांवर सॉफ्टवेअर बसवणे, वजनकाटा व फॅट मशीन जोडणे, केंद्रातील लोकांना वापर शिकवणे.
वेळ : महिन्यात साधारण 8 दिवस सकाळी 6 ते दुपारी 2, इतर दिवशी 10 ते 6. दर 1, 11 व 21 तारखेला रात्री 9 पर्यंत घरून फोनवर मदत. रात्रीचा मुक्काम नाही.
दुचाकी परवाना आवश्यक. गाडी व पेट्रोल कंपनीचे.
आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी असलेल्यांनी अर्ज करावेत. अनुभव नसलेल्यांना प्रशिक्षण मिळेल. याच दोन जिल्ह्यांत राहणाऱ्यांना प्राधान्य.'

पेपरात एवढं छापणं महाग पडतं, म्हणून तिथे फक्त पहिली ओळ, परवान्याची ओळ आणि नंबर दिला. बाकीचं व्हॉट्सॲपवर फिरवलं.

पहिल्याच दिवशी विट्याजवळून एका मुलीचा फोन आला. डिप्लोमा झालेली, गाडी चालवते, घरी स्वतःच्या सहा म्हशी, म्हणजे फॅट मशीन आमच्यापेक्षा तिने जास्त पाहिलेलं. सगळी चौकशी करून झाल्यावर तिने विचारलं, "पण मॅडम, मुली चालतात का?"

मजकुरात कुठेही लिंग नव्हतं आणि नेमकी म्हणूनच तिला शंका आली. इतकी वर्षं 'इंजिनिअर', 'सकाळी 6', 'दुचाकी' हे शब्द एकत्र आले की त्याचा अर्थ मुलगा, हे तिने वाचून वाचून शिकलेलं. तटस्थ वाक्य दार उघडं ठेवतं, पण आत या असं म्हणत नाही. संध्याकाळी मी शेवटी एक ओळ वाढवली : 'मुली, महिला, पुरुष, तृतीयपंथी, सर्वांचे अर्ज चालतील.' टेस्टिंगवाला म्हणाला, "आठवडाभर लिंग काढत बसलीस आणि आता परत घातलंस." त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तरी ती ओळ मी ठेवली. लिंग नकळत ओघळून येणं वेगळं आणि नाव घेऊन बोलावणं वेगळं. सगळीकडे ही ओळ लागेलच असं नाही. कारकुनाच्या जागेला कदाचित नाही लागणार. जिथे वाचणाऱ्यांच्या डोक्यात आधीच एक चित्र पक्कं आहे तिथे लागते. बायकांचंच समजलं जाणारं काम असेल तर पुरुषांचं नाव घ्यावं लागेल.

अर्ज यायला लागल्यावर माझ्या हद्दीतलं काम निघालं. आमच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये लिंगाचा रकाना सक्तीचा होता. का, तर उत्तराचा मेसेज आपोआप जातो आणि त्यात 'गेला आहात' की 'गेल्या आहात' हे ठरवायला तो लागायचा. मराठीत 'तुम्ही आलात' म्हटलं तर कळत नाही, पण 'आला आहात', 'आल्या आहात' असं पूर्ण रूप घेतलं की लगेच कळतं. म्हणजे एका क्रियापदासाठी आम्ही प्रत्येकाला त्याचं लिंग विचारत होतो. मेसेजच बदलला.

```
- "तुम्ही निवडले गेला आहात"
+ "तुमची निवड झाली आहे"
```

'झाली' आता निवडीच्या मागे जातं. 'तुम्ही पात्र ठरला आहात'चं 'तुमचा अर्ज पात्र ठरला आहे' झालं, सुरुवातीच्या 'महोदय/महोदया'च्या जागी नुसतं 'नमस्कार' आलं, आणि तो रकाना काढून टाकता आला.

साताऱ्याच्या जागेवर कोरेगावचा एक मुलगा आला, सांगलीच्या जागेवर ती विट्याकडची मुलगी. आता ॲपमध्ये एक जागा उरली आहे. इंजिनिअर केंद्राकडे निघाले की सचिवांच्या फोनवर 'इंजिनिअर निघाला आहे' अशी सूचना जाते. पहिल्याच आठवड्यात तासगावच्या बाजूच्या एका सचिवांनी फोन करून विचारलं, "निघाला म्हणून आलंय, पण इथं तर मॅडम उभ्या आहेत. तो कधी पोहोचणार?" सध्या मी तिथे 'भेटीची वेळ : सकाळी 6.15' एवढंच ठेवलंय. सरांना ते कोरडं वाटतं, त्यांना वाक्य हवंय. 'इंजिनिअर येत आहे' चालेल, 'येत आहेत' जास्त बरं. पण ते निघण्याआधीच दिसलं तर सचिव चिडतात, त्यामुळे 'वाटेत' हा एकच शब्द लावून बघणार आहे पुढच्या अपडेटला.